दोनशे रुपयांच्या कागदामागे काय आहे?

वाचकाचं पत्र

माझे बाबा दीड वर्षापूर्वी गेले. हिशेबाला काटेकोर होते, पण कुणाला काही सांगत नसत. कपाट आवरताना एका फाइलीत तीन कागद सापडले. एका कंपनीचं २००३ सालचं न वटवलेलं लाभांशाचं वॉरंट (५० शेअर, रक्कम २०० रुपये), युनायटेड वेस्टर्न बँकेची १९९८ ची तीन वर्षांच्या ठेवीची पावती आणि एलआयसीची १९९६ ची हप्त्याची पावती. शेअर सर्टिफिकेट आणि पॉलिसीचा बाँड काही सापडला नाही. बँकेचं तर आता नावही दिसत नाही. भाऊ म्हणतो, दोनशे रुपयांसाठी कशाला धावपळ करायची? दरम्यान एका ‘शेअर रिकव्हरी’वाल्या एजन्सीचा फोन आला. सगळं आम्ही करतो, मिळेल त्यातला हिस्सा द्या, असं ते म्हणाले. घरात आई, आजी (बाबांची आई), भाऊ आणि मी. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक

उत्तर

ताई, सुरुवात त्या दोनशे रुपयांच्या कागदापासूनच करा. तिन्हींत सगळ्यात जास्त पैसा त्याच्यामागे असण्याची शक्यता आहे. भावाने लाभांशाची रक्कम वाचली, तुम्ही त्याच्या शेजारचा आकडा वाचा: ५० शेअर. दोनशे रुपये हा त्या शेअरवरचा एका वर्षाचा लाभांश आहे. मूळ माल म्हणजे शेअर, आणि ते कुठे तरी असणारच.

कसे, ते सांगते. समजा, २००३ नंतर त्या कंपनीने एकास एक बोनस दिला. ५० चे १०० झाले. पुढे दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दोन रुपयांचा केला, म्हणजे एकाचे पाच. १०० चे ५०० झाले. आज बाजारात तो शेअर ३०० रुपयांना असेल तर हे दीड लाख रुपये होतात, वरून मधल्या वर्षांचे लाभांश वेगळे. हे आकडे मी हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या कंपनीने कधी बोनस दिला आणि कधी शेअरची विभागणी केली, हे तिच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर मिळेल. तो हिशेब आधी स्वतः मांडा. समोरून ‘तुमच्या नावावर ५० शेअर आहेत’ असं उत्तर आलं, तर उरलेले ४५० कुठे गेले, हे विचारता आलं पाहिजे.

आता हे शेअर कुठे असतील? कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे जाहीर झालेला लाभांश कुणी उचलला नाही, तर तो आधी कंपनीच्या ‘न दिलेला लाभांश’ खात्यात जातो. तिथे सात वर्षं पडून राहिला की तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतो. सगळे त्याला आयईपीएफ म्हणतात. सलग सात वर्षांचे लाभांश कुणी उचलले नाहीत, तर लाभांशापाठोपाठ शेअरही त्याच निधीच्या नावावर जातात. निधीचं प्राधिकरण सप्टेंबर २०१६ मध्ये स्थापन झालं आणि शेअर प्रत्यक्ष तिकडे जायला त्यानंतर सुरुवात झाली.

यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. बाबांनी २००३ चं वॉरंट वटवलं नाही, पण नंतरचे लाभांश थेट बँकेत जमा होत होते, असंही असू शकतं. तसं असेल तर २००३ चे दोनशे रुपये निधीत गेले असतील, पण शेअर मात्र अजून बाबांच्याच नावावर कंपनीच्या दप्तरी असतील. म्हणून बाबांच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांच्या पासबुकातल्या नोंदी बघा. त्या कंपनीच्या नावाची छोटीशी जमा दिसली, तर निम्मं काम झालं. शेअर निधीकडे गेलेले नसतील आणि फक्त वारसांच्या नावावर करून घ्यायचे असतील, तर निधीकडे दावा करण्याची पायरीच वाचते.

वॉरंट हातात घेऊन नीट पाहा. त्यावर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या दप्तरातला बाबांचा खाते क्रमांक असतो. तो चार-सहा-आठ अक्षरांचा किंवा आकड्यांचा असेल, तर शेअर कागदी स्वरूपात होते. ‘IN’ ने सुरू होणारा किंवा सोळा आकडी क्रमांक असेल, तर ते डिमॅट खात्यात होते आणि मग शोध त्या डिमॅट खात्याचा घ्यायचा. कंपनीच्या वतीने शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला रजिस्ट्रार म्हणतात. त्याचं नाव आणि पत्ताही वॉरंटवर असतो, पण त्या पत्त्यावर लगेच काही पाठवू नका. वीस वर्षांत कंपन्या रजिस्ट्रार बदलतात आणि रजिस्ट्रार स्वतःची नावं बदलतात. कार्वीचं काम आज केफिन टेक्नॉलॉजीज बघते, लिंक इनटाइमचं नाव आता एमयूएफजी इनटाइम आहे. कंपनीचा सध्याचा रजिस्ट्रार कोण, हे तिच्या संकेतस्थळावरून किंवा शेअर बाजाराच्या पानावरून घ्या. कंपनीचंही नाव बदललेलं असू शकतं. टेल्कोची टाटा मोटर्स झाली, हिंदुस्थान लिव्हरचं हिंदुस्थान युनिलिव्हर झालं. विलीन झालेली कंपनी असेल, तर ज्या कंपनीत ती गेली तिचे शेअर ठरलेल्या प्रमाणात मिळालेले असतात.

वॉरंटवर अजून एक गोष्ट बघा, आणि ती सगळ्यात आधी: नावाच्या ओळीत बाबांच्या शेजारी आईचं नाव आहे का? त्या काळात नवरा-बायकोच्या जोडनावाने शेअर घेण्याची पद्धत होती. आई दुसरी धारक असेल, तर कंपनी वारसाहक्काची कागदपत्रं मागत नाही. मृत्यूचा दाखला आणि आईची केवायसी कागदपत्रं दिली, की बाबांचं नाव कमी होऊन शेअर आईच्या नावावर होतात. या एका ओळीने पुढची निम्मी कागदपत्रं टळू शकतात.

आता रजिस्ट्रारला एक पत्र लिहा, ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही. त्यात फोलिओ नंबर, वॉरंटवर छापलंय तसं बाबांचं नाव आणि तेव्हाचा पत्ता लिहा. आत्ताचा पत्ता कामाचा नाही, कारण त्यांच्या दप्तरात बाबा अजून जुन्याच घरात राहतात. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा आणि प्रश्न नेमके विचारा. आज या फोलिओत किती शेअर आहेत? त्यातले निधीकडे किती गेले आणि कधी? कोणकोणत्या वर्षांचे लाभांश उचललेले नाहीत? जोडधारक कोण, नामनिर्देशन आहे का? आणि बोनसचे शेअर कंपनीच्या अनक्लेम्ड सस्पेन्स खात्यात आहेत का?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. बोनस किंवा विभागणीनंतर नवं सर्टिफिकेट पोस्टाने निघालं, तोवर तुम्ही घर बदललेलं, म्हणून पाकीट परत गेलं, असं तेव्हा सर्रास व्हायचं. परत आलेले असे शेअर सेबीच्या नियमाप्रमाणे कंपनी एका वेगळ्या खात्यात ठेवते. त्यामुळे मूळ शेअर एकीकडे आणि बोनसचे दुसरीकडे, अशी फाटाफूट होऊ शकते. फक्त निधीच्या यादीत शोधणाऱ्याला त्यातला एकच भाग दिसतो.

यादी तुम्ही स्वतःही तपासू शकता. निधीच्या iepf.gov.in या संकेतस्थळावर शोधायची सोय आहे आणि कंपन्यांनाही न उचललेल्या लाभांशाच्या याद्या आपल्या संकेतस्थळावर ठेवाव्या लागतात. फोलिओ नंबर हाताशी असेल तर त्यानेच शोधा. नावाने शोधायची वेळ आली, तर आपल्याकडच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग हीच मोठी अडचण ठरते. दत्तात्रय हे नाव यादीत `Dattatray`, `Dattatraya`, `Dattatreya`, किंवा नुसतं `D` असं कसंही सापडतं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, हे अर्ज भरणाऱ्या एजंटाच्या मर्जीवर असायचं. आडनाव आणि जुन्या पत्त्यातलं गाव धरून शोधा, आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळं टाकून बघा. ‘सापडलं नाही’ असं आलं म्हणजे नाहीच, असं धरू नका.

शेअर निधीत गेले आहेत असं कळलं, तर क्रम असा ठेवा. तुमचं किंवा आईचं, ज्यांच्या नावावर शेअर घ्यायचे त्यांचं, डिमॅट खातं आधी उघडा. शेअर परत येतात ते डिमॅटमध्येच. मग वारसांची सगळी कागदपत्रं कंपनीकडे किंवा रजिस्ट्रारकडे द्या. ती तपासून कंपनी ‘एन्टायटलमेंट लेटर’ देते: अमुक शेअर आणि अमुक लाभांश यांवर या व्यक्तीचा हक्क आहे, असं हे पत्र. ते हातात आल्यावरच आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरा. अनेक जण उत्साहात आधी अर्ज भरतात आणि मग कागदपत्रांच्या मागे लागतात. असा अर्ज लोंबकळतो किंवा फेटाळला जातो, आणि एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येत असल्याने वर्ष वाया जाऊ शकतं.

अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत, हमीपत्र, महसुली तिकीट लावलेली आगाऊ पावती, डिमॅट खात्याचा तपशील दाखवणारी क्लायंट मास्टर लिस्ट आणि एन्टायटलमेंट लेटर हे सगळं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचं. कंपनी पडताळणी अहवाल प्राधिकरणाला पाठवते, मग मंजुरी मिळते. प्राधिकरण या अर्जासाठी कुठलीही फी घेत नाही. वेळ मात्र लागतो. महिन्यांच्या हिशेबाने तयारी ठेवा आणि दर वेळी पोच पावती सांभाळा.

दावे अडकतात ते मोठ्या कायदेशीर मुद्द्यांवर नव्हे, नावातल्या फरकावर. शेअरवर एक स्पेलिंग, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, पॅनवर तिसरं. त्यासाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि त्यात सगळी स्पेलिंगं, जुना पत्ता आणि नवा पत्ता लिहा. ते एकदाच नीट केलं की शेअर, बँक आणि एलआयसी, तिन्हीकडे त्याचा उपयोग होतो. सर्टिफिकेट हरवलेलं असल्याने हमीपत्र लागेल, पोलिसांत तक्रारही लागू शकते. शेअरची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर वर्तमानपत्रात नोटीसही द्यावी लागते.

आता वारसांविषयी. शेअर कागदी स्वरूपात असतील आणि नामनिर्देशन नसेल, तर एका कंपनीतल्या शेअरची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेतोवर सेबीच्या नियमांत सोपा मार्ग आहे. वारसांची प्रतिज्ञापत्रं, बाकीच्या वारसांची नाहरकत आणि हमीपत्र यांवर काम होतं, कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र लागत नाही. ही मर्यादा प्रत्येक कंपनीसाठी वेगळी मोजतात. बाबांच्या फाइलीतून आणखी दोन कंपन्या निघाल्या, तरी त्यांची बेरीज करून घाबरायचं कारण नाही. डिमॅटमधल्या शेअरसाठी मर्यादा १५ लाख आहे, पण ती कंपनीनिहाय नाही, खातेदारानिहाय मोजतात.

नाहरकत कुणाकुणाची? इथे बऱ्याच घरांत एक व्यक्ती राहून जाते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते. वडील येत नाहीत, आई येते. म्हणजे तुमच्या आजीचा या प्रत्येक गोष्टीत तुमच्याइतकाच, एक चतुर्थांश वाटा आहे. फक्त ‘आई, भाऊ आणि मी’ एवढीच नावं लिहून प्रतिज्ञापत्र केलंत, तर ते चुकीचं ठरेल. आजीची सही आत्ताच, त्यांची तब्येत बरी असताना घ्या. मागाहून हे राहून गेलं, तर त्यांच्या वाट्यासाठी त्यांच्या वारसांना, म्हणजे तुमच्या आत्या-काकांना, सह्यांसाठी गोळा करत बसावं लागेल.

आणि कुठे नामनिर्देशन सापडलं, समजा भावाचं, तर पैसे त्याच्या हातात येतील, पण त्याने तो एकटा मालक होत नाही. शेअरच्या बाबतीतही नॉमिनी हा अंतिम मालक नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे भावाला आधीच शांतपणे सांगून ठेवा. पैसे आल्यावर सांगायला गेलं की आवाज चढतात.

बँकेची पावती त्या मानाने सरळ आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तिची देणी त्याबरोबर आयडीबीआयकडे आली. तुमची ठेव २००१ मध्ये मुदत संपून दहा वर्षं पडून राहिली असेल, तर ती २०१४ च्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत गेली असणार. पण दावा रिझर्व्ह बँकेकडे करायचा नाही. तो आयडीबीआयच्या शाखेत करायचा. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग स्वतः निधीतून वसूल करते. दाव्याला कालमर्यादा नाही.

मात्र व्याजाकडे बघा. निधीत गेलेल्या व्याजी ठेवीवर ११ मे २०२१ पासून वर्षाला ३ टक्के दराने व्याज मिळतं, तेही सरळ. निधीत ४०,००० रुपये गेले असतील, तर वर्षाला १,२०० रुपये, आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज नाही. शेअर पडून राहिले तरी त्यांची किंमत बाजाराप्रमाणे वाढू शकते, ठेव पडून राहिली की महागाईत झिजत जाते.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, udgam.rbi.org.in, ऑगस्ट २०२३ पासून सुरू. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचं नाव आणि बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक गोष्ट द्यायची. यांतलं काहीच नसेल तर पत्ता चालतो. ठेव सापडली तर एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन शाखेत जायचं. १९९८ च्या ठेवीत पॅन बहुधा नोंदवलेला नसेल, म्हणून जन्मतारीख आणि जुना पत्ता, दोन्ही टाकून बघा. पोर्टलवर निवडक बँकाच आहेत. पोस्टाची खाती, पतसंस्था आणि बहुतेक छोट्या सहकारी बँका तिथे दिसणार नाहीत, त्यांच्याकडे पासबुक घेऊन प्रत्यक्षच जावं लागतं.

हातात अस्सल पावती आहे की झेरॉक्स, हेही बघा. मुदत संपल्यावर पैसे घेताना पावतीच्या मागे सही करून ती बँकेत जमा करावी लागते. त्यामुळे अस्सल पावती, मागची बाजू कोरी, ही चांगली खूण आहे. पुरावा मात्र नाही, कारण पावती हरवल्याचं लिहून देऊनही पैसे काढता येतात. नुसती झेरॉक्स असेल, तर बाबांनी त्या ठेवीवर कर्ज काढलं असण्याची शक्यता धरा.

बँकेतल्या दाव्याचे नियम अलीकडे बरेच सोपे झाले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार नामनिर्देशन नसलेल्या खात्यासाठीही १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही. हमीपत्र आणि बाकी वारसांची नाहरकत पुरते. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. हे लागू करायची अखेरची मुदत ३१ मार्च २०२६ होती. शाखेतल्या कारकुनाने जुन्या सवयीने ‘सक्सेशन आणा’ म्हटलं, तर वाद घालू नका. ‘तसं लेखी द्या’ एवढंच म्हणा.

एलआयसीच्या पावतीवर पॉलिसी नंबर आहे, तो पुरेसा आहे. बाँड नसला तरी शोध थांबत नाही. पावतीवर ‘प्लॅन आणि मुदत’ अशा रकान्यात १४-२० असं काही छापलं असेल. त्यातला १४ हा एन्डोमेंट पॉलिसीचा तक्ता क्रमांक आणि २० म्हणजे वर्षं. पॉलिसी सुरू झाल्याची तारीखही तिथेच असते. समजा १९८८ मध्ये सुरू झाली, विमा ५०,००० चा, आणि १९९६ नंतर हप्ते थांबले. ‘बंद पडली म्हणजे बुडाली’ असं घरोघरी धरून चालतात. त्या काळच्या पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते भरले असतील, तर ती पेडअप होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम मिळते. वीसपैकी आठ वर्षांचे हप्ते भरले, म्हणजे ५०,००० चे आठ-विसांश, २०,००० रुपये, आणि तोवर जमा झालेला बोनस. हे २००८ मध्ये मिळायला हवे होते. पुढे हप्ते चालूच राहिले असतील, तर पूर्ण रक्कम. तेव्हाच्या पासबुकात तशी जमा दिसत नसेल, तर पैसे अजून एलआयसीकडे असू शकतात.

मुदत संपून दहा वर्षं कुणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. ती परतही मिळते, विमा कंपनीमार्फतच. पण तिथे मुदत आहे. निधीत गेल्यापासून २५ वर्षांत कुणी मागितली नाही, तर ती सरकारजमा होते. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, पण बँकेसारखं ‘कधीही जाऊ’ हे इथे चालत नाही.

licindia.in वर न मागितलेल्या रकमा शोधण्याचं पान आहे. तिथे नाव आणि जन्मतारीख लागते. आपल्या वडिलांच्या पिढीत खरी जन्मतारीख एक आणि शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून ही दुसरी, असं किती घरांत असतं! दोन्ही टाकून बघा. तरीही पॉलिसी नंबर असताना शाखेत जाऊन स्टेटस काढून घेणं मला जास्त खात्रीचं वाटतं. तिथे एक प्रश्न जरूर विचारा: पॉलिसीवर कर्ज होतं का, किंवा ती कुणाच्या नावे असाइन केली होती का? घरकर्जासाठी पॉलिसी बँकेकडे तारण ठेवायची पद्धत होती. बाँड कपाटात नसण्याचं कारण तेही असू शकतं. कर्ज फिटलेलं असेल, तर त्या बँकेकडून पॉलिसी सोडवल्याचं पत्र घ्यावं लागेल.

फाइलीत म्युच्युअल फंडाचा एखादा कागद निघाला, तर सेबीच्या पुढाकाराने २०२५ मध्ये सुरू झालेली मित्र ही सोय दहा वर्षं हालचाल नसलेले फोलिओ शोधून देते. तसा कागद नसेल, तरी बाबांच्या पॅनवर एकदा शोधून बघायला हरकत नाही.

राहता राहिली एजन्सी. तुमचं नाव त्यांना कुठून मिळालं, याचं आश्चर्य नको. न उचललेल्या लाभांशाच्या याद्या उघड असतात, त्यात नाव आणि पत्ता असतो. ते त्या याद्यांमधून फोन लावतात. याचा एक अर्थ असा, की बाबांचं नाव एखाद्या यादीत बहुधा आहेच, आणि ते तुम्हाला फुकट शोधता येतं. त्यांना वॉरंटची किंवा पॅनची प्रत पाठवू नका, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नका, आणि कोऱ्या हमीपत्रावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही तर कुणाचीच देऊ नका, आजीची तर नाहीच. टक्केवारीचा करार म्हणजे शेअरचा भाव वाढला की त्यांची फी वाढणार, काम मात्र तेवढंच. कागदपत्रं जमवायला खरंच मदत लागली, तर एखाद्या कंपनी सेक्रेटरीला ठरावीक फी देऊन ते काम करून घ्या. वकील लागेल तो दोनच वेळी: एका कंपनीतल्या शेअरची किंमत त्या ५ लाखांच्या वर गेली, किंवा चौघांपैकी कुणी सही करायला नकार दिला.